उपायाची मुदत

आमच्या मासिकाच्या कचेरीत त्यांना सगळे चाळणीबाई म्हणत. तोंडावर अर्थातच नुसतं ‘बाई’. त्यांना हे टोपणनाव ठाऊक होतं आणि ते आवडतही होतं, असा माझा दाट संशय आहे. पण ‘आवडतं’ असं कुठल्याही गोष्टीबद्दल बोलून दाखवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

त्या आयुष्यभर एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होत्या. निवृत्तीनंतर नव्हे, त्याच्या बरीच वर्षं आधीपासून त्या आमच्यासाठी अनुवाद करत. काम असं: परदेशी संशोधनपत्रिकांमधल्या निबंधांचे गोषवारे संपादक निवडून काढायचे, आणि बाई त्यांतला एकेक घेऊन आमच्या वाचकाला कळेल अशा मराठीत दोन पानांत उतरवायच्या. गोषवारा अडीचशे शब्दांचा असतो. शास्त्रज्ञाने तीनचार वर्षं केलेलं काम त्यात दाबून बसवलेलं असतं, आणि तो शास्त्रज्ञच वाचणार असं धरून चाललेलं असतं. आमचा वाचक म्हणजे शाळामास्तर, गॅरेजवाला, घरी पेपर संपल्यावर काय वाचू म्हणणारी एखादी सासू. मधली दरी बाईंनी भरायची.

दरी भरायला लागतात शब्द. नवी कल्पना आली की तिला मराठीत नाव नसतं. परिभाषाकोशात असलं तरी ते असं असतं की मूळ इंग्रजी परवडलं. जनुकाचं काम थांबवतात, त्याला कोशात होतं ‘जनुक-निःशब्दीकरण’. बाईंनी लिहिलं, ‘जनुक गप्प करणे’. संपादक म्हणाले, शास्त्रीय वाटत नाही. बाई म्हणाल्या, “वाटायला कशाला हवं? असायला हवं.” आणि तसंच छापून आलं.

त्यांची चाळणी म्हणजे काय, ते सांगतो. नवा शब्द केला की बाई तो तीन माणसांना ऐकवत: तळमजल्यावरचा बाइंडर, कचेरीत झाडलोट करणाऱ्या मावशी, आणि त्यांचा स्वतःचा थोरला भाऊ, म्हणजे आमचे प्रुफं तपासणारे दादा. अट एकच. शब्द सांगायचा, अर्थ सांगायचा नाही. समोरच्याने ओळखायचं. अंदाज बरोबर दिशेने गेला तर शब्द पास. अंदाज चुकला तर शब्द मेला, मग तो कितीही गोंडस असो. समोरचा नुसताच ‘काय की बुवा’ म्हणाला तर तोही मेला.

जिवाणू स्वतःची संख्या पुरेशी झाली की मगच एकदम हल्ला करतात, त्याला बाईंनी ‘जमाव-जाणीव’ केलं होतं. बाइंडर सरसाच्या डब्यात हात घालून बसला होता. म्हणाला, “मोर्चा काढायच्या आधी माणसं जमली का बघतात, ते का?” पास. जिवाणूंचा जो चिकट थर जमतो त्याला ‘जिवाणूंची साय’ म्हटलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, “शी! वरची वर काढून टाका की मग.” पास.

प्रत्येक शब्दाचं एक कार्ड असे. बाइंडर उरलेल्या पुठ्ठ्याची कार्डं कापून द्यायचा. वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली ‘कोणी चाळला’ आणि ‘काय समजला’. अशी चार खण भरून कार्डं होती. मी नवीन उपसंपादक म्हणून लागलो तेव्हा मला हा सगळा प्रकार पोरखेळ वाटला होता. कोशात शब्द असताना झाडलोटीच्या मावशींना विचारत काय बसायचं? मी तसं बोललो. बाईंनी मला माझ्याच एका लेखातला शब्द मावशींसमोर वाचायला लावला. मावशी लाजून हसल्या आणि म्हणाल्या, “देवाचं नाव आहे का?” त्यानंतर मी तोंड उघडलं नाही.

आता दादांबद्दल. दादांचे डोळे लहानपणापासून अधू. अधू म्हणजे चष्म्याने सुधारणारे नव्हेत. दृष्टिपटलच हळूहळू मरत जाण्याचा आजार, आईबापांकडून आलेला. आधी अंधारात दिसेनासं झालं, मग कडेचं दिसेनासं झालं, आणि चाळिशीत नळीतून बघावं तेवढंच उरलं. दाराची चौकट, खुर्चीचा हात, माझी उघडी राहिलेली ड्रॉवरं, सगळ्यांवर ते आपटत. पण प्रुफं तपासण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ते म्हणत, “तुम्हाला अख्खी ओळ दिसते म्हणून तुम्ही पळता. मला एका वेळी एक शब्द दिसतो. चूक जाईल कुठे?” हे ते बढाई म्हणून सांगत, आणि आम्ही हसत असू. आता आठवलं की हसल्याची लाज वाटते.

भाऊबहीण दोघेच एकत्र राहत. बाईंना तो आजार आला नव्हता. एकाच आईबापांची मुलं, त्याला दुप्पट वाटा मिळाला आणि मला काहीच नाही, असं त्या एकदाच माझ्याजवळ बोलल्या, आणि लगेच कुठल्याशा वेलांटीवरून माझ्यावर खेकसल्या.

मी सांगतोय त्या वर्षी दादांची ती नळीही धूसर व्हायला लागली होती. भिंग आलं, मग दिवा लावलेलं भिंग आलं, मग तेही पुरेना. शेवटी असं ठरलं की मी प्रूफ मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि दादांनी कानाने तपासायचं. “गेल्या दशकात स्वल्पविराम या क्षेत्रात” असं वाचताना मला वेड्यासारखं वाटायचं. दादा मात्र डोळे मिटून ऐकत, मधेच बोट वर करत, आणि चूक तिथे असेच. त्यांची आद्याक्षरं पडल्याशिवाय पान छपाईला जात नसे. हा नियम संपादकांनाही मोडता येत नव्हता.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक कार्ड असे. मोठ्या इस्पितळाचं. डॉक्टरांनी कधीतरी सांगितलं होतं की संशोधन जोरात चालू आहे, माणसांवर चाचण्या सुरू होतील तेव्हा यादीतून बोलावू. यादीतला दादांचा क्रमांक त्या कार्डावर होता. सदरा धुवायला पडला की कार्ड नव्या सदऱ्यात जाई. “येईल काहीतरी,” दादा म्हणत. “उंदरांना दिसायला लागलंय म्हणे. उंदरांनंतर आमचाच नंबर.” असं म्हणून खिशावर थाप मारत. तेवढ्या एका आशेवर त्यांचं बाकी सगळं चाललं होतं, हे कचेरीत कोणाला सांगावं लागत नव्हतं.

आणि मग त्याच आजारावरचा एक गोषवारा आला.

संपादकांनी तो हौसेने बाईंच्या टेबलावर ठेवला. दादांनाही सांगितलं, “तुमच्या आजारावरचं काम आहे. पुढच्या अंकात घेतोय.” दादा दिवसभर शीळ घालत होते.

मी गोषवारा वाचला होता, म्हणून सांगू शकतो. डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन तऱ्हेच्या पेशी असतात. दंडपेशी अंधुक उजेडात कामाला येतात, शंकुपेशी भर उजेडात, वाचायला, चेहरे ओळखायला. दोष असतो तो दंडपेशींच्या जनुकात. शंकुपेशी धडधाकट असतात. पण शेजारच्या दंडपेशी मेल्या की काही काळाने त्याही मरायला लागतात. शास्त्रज्ञांनी निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर एक जनुक घालून ते उंदरांच्या दृष्टिपटलाखाली टोचलं. ज्यांना लवकर टोचलं त्यांच्या शंकुपेशी टिकल्या. डोळ्यावर उजेड चमकवला की दृष्टिपटलातून विजेचा प्रतिसाद येत राहिला. ज्यांच्या निम्म्याहून अधिक शंकुपेशी आधीच गेल्या होत्या, त्यांना टोचून काडीचा फरक पडला नाही. न टोचलेल्यांसारखेच ते आंधळे झाले. शेवटच्या वाक्यात होतं की उपचार कोणत्या काळात लागू पडतो ते या कामातून ठरवता आलं आहे.

दादांच्या मागच्या तपासणीचा कागद बाईंच्या कपाटात होता. निम्म्याचा प्रश्न उरला नव्हता. शंकुपेशी शिल्लक होत्या त्या शेवटच्या मूठभर.

लेखाचा पहिला अर्धा भाग बाईंनी नेहमीसारखा केला. शेजारच्यामुळे मरण्याला त्यांनी ‘सोबतमरण’ केलं. बाइंडर म्हणाला, “म्हातारा गेला की म्हातारी फार दिवस राहत नाही, तसं काही?” पास. पण दादांना त्यांनी तो शब्द ऐकवला नाही. मला वाटलं, राहून गेलं असेल.

दुसऱ्या दिवशी हस्तलिखित माझ्या हातात आलं. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं: ‘या संशोधनाने सदर व्याधीतील चिकित्सा-गवाक्ष निश्चित केले आहे.’ पुढे पूर्णविराम आणि लेख समाप्त. निम्म्या पेशींचा आकडा नाही. उशिरा टोचलेल्या उंदरांचा पत्ता नाही.

मूळ इंग्रजीत ‘उपचाराची खिडकी’च होती, म्हणजे उपचार लागू पडतो तेवढाच काळ, पण ती त्या भाषेत शोभते. त्यातून औषधशास्त्रात तीच खिडकी डोसाबद्दल वापरतात, कमी पडू नये आणि विषारी होऊ नये एवढ्या प्रमाणाबद्दल. हे मला शिकवलंही बाईंनीच होतं. आता तिला संस्कृतात नेऊन गवाक्ष करून ठेवलं होतं. हा शब्द मी केला असता तर बाईंनी मला उभा चिरला असता.

“बाई, हे चाळलंय?”

“वेळ नव्हता.”

“आणि उशिरा टोचलेले उंदीर?”

“जागा नव्हती.”

दोन पानांत बोटभर जागा कोरी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “हे प्रूफ तूच तपास,” त्या म्हणाल्या. “दादाकडे नेऊ नकोस. एवढं एक ऐक माझं.”

मला राग आला आणि मी गप्पही बसलो. या बाईने मला वर्षानुवर्षं एका शब्दासाठी रडवलं होतं, आणि आज घरचं माणूस आलं तेव्हा चाळणी खुंटीला टांगली. पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता. संपादकांनी त्यावर कडी केली. त्यांनी मथळा दिला, ‘अंधत्वावर विजय!’ उद्गारचिन्हासकट. “वाचकाच्या हातात थोडी आशा नको का द्यायला?” ते म्हणाले. एरवी बाईंनी त्यांच्या टेबलावर हात आपटला असता. त्या दिवशी म्हणाल्या, “राहू दे.”

प्रूफ आलं ते मी ड्रॉवरमध्ये सारलं. दादांना बाकीची पानं वाचून दाखवली. त्यांनी ती सगळी ऐकली, प्रत्येकावर आद्याक्षरं घातली आणि हात पुढे तसाच ठेवला.

“माझं पान कुठाय?”

“कुठलं?”

“अरे उपसंपादका, दिसत नाही मला, पण मोजता येतं. चौदा आणि पंधरा आलं नाही.”

मी ड्रॉवर उघडलं. दुसरं काय करणार? बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी वाचायला लागलो. मथळ्याला दादा हसले. “उद्गारचिन्ह काढायला सांग त्याला.” सोबतमरणापाशी त्यांनी बोट वर केलं. “चांगलाय. हा मला का नाही ऐकवला, छोटे?” साठी गाठलेल्या बाईंना ते छोटे म्हणत. मी पुढे वाचत गेलो, शक्य तितक्या भराभर.

“या संशोधनाने सदर व्याधीतील चिकित्सा जोडरेघ गवाक्ष निश्चित केले आहे पूर्णविराम.”

बोट वर आलं, आणि वरच राहिलं.

“हे काय आहे?”

“छपाईची चूक नाही,” मी म्हणालो.

“ते कळलं. हे काय आहे? चाळलंय का हे?”

त्यांनी मोठ्याने मावशींना हाक मारली. मावशी झाडू हातात घेऊनच आल्या.

“मावशी, चिकित्सा-गवाक्ष म्हणजे काय वाटतं?”

मावशींनी विचार केला. “दवाखान्यात केसपेपर काढायची खिडकी असते, ती?”

एरवी आम्ही हसून लोळलो असतो. दादांनी मान हलवली. “मेला,” ते म्हणाले. “छोटे, इकडे ये. मूळ काय आहे?”

“दादा, राहू दे ना.”

“मूळ काय आहे ते सांग.”

बाई समोरच्या खुर्चीत बसल्या. आणि मग त्यांनी सांगितलं. रडल्याबिडल्या नाहीत, प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला सांगावं तसं सांगितलं. लवकर टोचलेले उंदीर, उशिरा टोचलेले उंदीर, विजेचा प्रतिसाद.

“निम्म्या गेल्या की मग नाही?” दादांनी विचारलं.

“मग नाही.”

“उंदरांत.”

“उंदरांत. माणसांत अजून कोणी पाहिलेलं नाही.”

“पण तुला काय वाटतं?”

बाईंनी माझ्या हातातलं प्रूफ घेऊन टेबलावर पालथं ठेवलं. मला वाटलं, आता खोटं बोलतील, आणि बोलाव्यात असंच मला मनापासून वाटत होतं. “माणसांतही तसंच होईल,” त्या म्हणाल्या. “जी पेशीच नाही तिला वाचवणार काय?”

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. खाली बाइंडरचं कापायचं यंत्र चालू होतं, त्याचा आवाज येत होता. दादा डोळे मिटून बसले होते, प्रूफ ऐकताना बसत तसेच.

“मग मुदत म्हण ना,” दादा म्हणाले. “उपायाची मुदत. एवढं सरळ आहे. गवाक्ष काय लावलंयस!” आणि मावशींकडे तोंड करून, “मावशी, उपायाची मुदत म्हणजे काय?”

मावशींना तोवर सगळं कळून चुकलं होतं. त्यांनी बाईंकडे पाहिलं.

“सांगा की. शब्द खोळंबलाय.”

“त्याच्या आत केलं तर होतं,” मावशी म्हणाल्या. “नंतर नाही होत.”

“पास. आणि छोटे, उशिराचे उंदीर आत घाल. उरली असेल बोटभर जागा, काय रे? वाचतं कोण हे? माझ्यासारखेच वाचतात, नाहीतर त्यांच्या घरचे. त्यांना खिडकीशी उभं करून ठेवशील? किती वर्षं?”

“मी तुझ्यासाठी...” बाई म्हणाल्या.

“माहितीये मला.” एवढंच ते म्हणाले, आणि तेही रागाने नाही. मग म्हणाले, “कार्ड कर त्याचं. विसरशील.”

बाईंनी टेबल चाचपलं. कार्डं त्यांच्या खोलीत राहिली होती. त्या उठायला लागल्या तर दादांनी हाताने थांबवलं आणि सदऱ्याच्या खिशातून इस्पितळाचं कार्ड काढलं. उलटसुलट करून बोटाने गुळगुळीत बाजू शोधली.

“घे. यावर लिही. मागची बाजू कोरी आहे.”

“दादा, ते नको.”

“लिही म्हणतो ना.”

बाईंनी लिहिलं. मी मान फिरवली, तेवढं माझ्याने बघवलं नाही.

अंक निघाला. उद्गारचिन्ह गेलं, मथळाही गेला. बाई संपादकांच्या खोलीत गेल्या आणि पाच मिनिटांत बाहेर आल्या. अंकावर नेहमीपेक्षा जास्त पत्रं आली. बहुतेकांनी हा उपचार कुठे मिळतो ते विचारलं होतं. बाईंनी प्रत्येकाला हाताने उत्तर लिहिलं: अजून उंदरांवर आहे, माणसांपर्यंत यायला किती वर्षं लागतील सांगता येत नाही, घरात लहान मूल असेल तर डोळे तपासून घ्या आणि डॉक्टरांच्या संपर्कात राहा. एका पत्रात पत्ता नव्हता, नावही नव्हतं. त्यात एवढंच होतं: ‘शब्द समजला. आमची मुदत गेली आहे. स्पष्ट लिहिलंत, आभार.’ दादांनी ते मला दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचल्यावर विचारलं, “अक्षर कसं आहे?” मी म्हणालो, वाकडं, ओळ सोडून गेलेलं. दादा म्हणाले, “मग स्वतःच लिहिलंय त्याने.”

पुढच्या वर्षी दादांनी कचेरीत येणं सोडलं. कानाने तपासायला डोळे लागत नाहीत, असं आम्ही पुष्कळ सांगितलं. ते म्हणाले, कंटाळा आला. ‘येईल काहीतरी’ हे वाक्य त्या दिवसानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. बाई अनुवाद करत राहिल्या, शब्दही करत राहिल्या, बाइंडर आणि मावशी चाळत राहिले. पण पूर्वीची धार गेली होती. कोशातला शब्द पुढे केला तर त्या वाद घालत नसत, घाला, म्हणत. मला वाटायचं त्यांनी मला शिव्या द्याव्यात, आणि त्या द्यायच्या नाहीत. मग मावशी गेल्या, बाइंडरचं काम यंत्राकडे गेलं आणि चाळणी बंदच पडली. दादा गेल्यावर बाई सात महिने होत्या. मला बाइंडरचं म्हातारा-म्हातारीचं वाक्य आठवलं, आणि तो त्या क्षणी समोर असता तर मी त्याला मारलं असतं.

कार्डांचे खण माझ्याकडे आले. कोणाला नको होते. परवा चाळत बसलो होतो. एक कार्ड बाकीच्यांहून जाड आणि लहान निघालं. एका बाजूला इस्पितळाचा शिक्का आणि यादीतला क्रमांक. दुसऱ्या बाजूला बाईंचं अक्षर, नेहमीच्याच चार ओळींत. शब्द: उपायाची मुदत. अर्थ: ज्या काळातच उपचार लागू पडतो तो काळ. कोणी चाळला: दादा.

काय समजला: सगळं.